परपेच्युअल: हरताना शोधायचा कसा, जिंकताना चुकवायचा कसा

प्रश्न: मी ऑनलाइन साधारण १५०० रेटिंगचा खेळाडू. हरत असताना मला सततचा शह, म्हणजे परपेच्युअल, कधीच सापडत नाही आणि जिंकत असताना समोरच्याला मात्र हमखास सापडतो. परवा एक अख्खा हत्ती जास्त होता, तरी समोरच्याने वजिराने शह देत देत बरोबरी केली. शोधायची आणि टाळायची काही पद्धत आहे का, की हा सगळा नशिबाचा भाग?

उत्तर:

नशिबाचा भाग फार थोडा. मी बरीच वर्षं मुलांना शिकवतोय, आणि तुमच्या पातळीवरच्या खेळाडूंच्या डावांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खेळाडू शह मोजतात, घरं मोजत नाहीत. "मला इथे शह आहे, मग तिथे शह आहे, मग बघू" असा विचार चालतो. परपेच्युअल होणार की नाही हे शहांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येक शहानंतर राजाला पळायला किती घरं उरतात आणि मध्ये मोहरा घालता येतो का, यावर ठरतं. हे दोन प्रश्न हरणाऱ्याने विचारायचे आणि जिंकणाऱ्यानेही. म्हणून तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत, फक्त पटाच्या दोन बाजूंनी विचारलेले.

बोलण्यापेक्षा एक स्थिती घेऊ. खालची ओळ कॉपी करून कुठल्याही साइटच्या विश्लेषण पटावर चिकटवा, म्हणजे पट समोर येईल.

```
6k1/4Q1p1/8/8/8/2q4P/1r4PK/8 b - - 0 1
```

काळ्याची चाल आहे. काळ्याकडे वजीर c3 वर, हत्ती b2 वर, राजा g8 वर आणि g7 चं प्यादं. पांढऱ्याकडे वजीर e7 वर, राजा h2 वर आणि g2, h3 ही दोन प्यादी. म्हणजे काळ्याचा एक हत्ती सरळ जास्त आहे. तुमच्या परवाच्या डावाचं चित्र साधारण असंच असणार, अशी माझी अटकळ.

काळ्याला g2 वर मात द्यायचीय. त्यासाठी वजीर दुसऱ्या ओळीत आणायचा, हत्तीच्या पुढे. दोन घरं समोर दिसतात: c2 आणि d2. दोन्हीकडून धमकी तीच. वजीर g2 चं प्यादं मारेल, मागून हत्तीचा जोर आहे, राजाला हलायला घर नाही, मात. पटावर दोन्ही चाली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आणि घाईत हात पहिल्या जवळच्या घराकडे, c2 कडे जातो.

आता पांढरा काय करतो बघा. वजीर e8 वर, शह. काळ्या राजाची घरं मोजू. f8 वर पांढऱ्या वजिराचा मारा. h8 वरही मारा, कारण आठव्या ओळीतला शह राजाच्या अंगातून आरपार जातो. f7 वर कर्णातून मारा. g7 वर स्वतःचंच प्यादं. उरलं h7, एकच. मध्ये मोहरा घालायचा तर तो f8 वरच घालता येईल, पण c2 चा वजीर तिथे पोहोचत नाही, b2 चा हत्तीही नाही. म्हणून राजा h7.

मग वजीर e8 वरून कर्णाने h5 वर, पुन्हा शह. पुन्हा मोजा. h8 वर h फाइलमधून आरपार मारा. g6 वर h5 च्या वजिराचा तिरका मारा. h6 वर तर समोरासमोर मारा. राहिलं g8. मध्ये घालण्याजोगं घर h6, आणि c2 चा वजीर तिथेही जात नाही. राजा g8. वजीर e8, शह. राजा h7. वजीर h5, शह. हा खेळ संध्याकाळपर्यंत चालेल. एक हत्ती जास्त, पुढच्या चालीला मात, आणि डाव बरोबरीत.

इथे एक बारकावा आहे. समजा पांढऱ्याने e8 ऐवजी d8 वर शह दिला असता. शह तोही आहेच. पण d8 वरून f7 वर नजर नाही, त्यामुळे राजा f7 वरून मोकळ्या मैदानात निघतो. तसंच h7 वरच्या राजाला h5 ऐवजी h4 वरून शह दिला, तर g6 चं दार उघडं राहतं. म्हणजे नुसती "आठव्या ओळीतून एक शह, h फाइलमधून एक शह" एवढी आठवण पुरेशी नाही. e8 आणि h5 ही घरं चालतात, कारण त्या घरांवरून शहही बसतो आणि शेजारचं पळवाटेचं घरही त्याच चालीत बंद होतं. शिवाय ही दोन्ही घरं एकाच कर्णावर आहेत, त्यामुळे वजीर एका चालीत इकडून तिकडे जातो. परपेच्युअलला बहुतेक वेळा अशी एक जोडीच लागते: दोन घरं, एका चालीच्या अंतरावर, आणि प्रत्येक घर आपापल्या शहातली फट स्वतःच बुजवणारं.

ही e8–h5 जोडी इतकी वारंवार येते की ती पाठ करून ठेवा, पण अटींसकट. प्रतिस्पर्ध्याचं h प्यादं गेलेलं हवं. f7 आणि g6 रिकामी हवीत, कारण वजीर त्याच कर्णावरून ये-जा करतो. f6 वर प्यादं असलं तरी चालतं, f7 वर असलं तर नाही. g7 वर काळ्याचं स्वतःचं प्यादं हवं. लक्षात घ्या, राजाला कोंडण्याचं निम्मं काम त्याचं स्वतःचंच प्यादं करतंय. आणि f8 किंवा h6 वर कुणी मध्ये येऊ शकत नाही ना, हे तपासलेलं हवं.

आता त्याच स्थितीत काळ्याने c2 ऐवजी d2 खेळलं तर? वजीर e8, शह, राजा h7. वजीर h5, शह, आणि आता काळ्याचा वजीर d2 वरून कर्णाने सरळ h6 वर येतो. शह अडला, आणि वजिरावजिरी समोर ठेवली. पांढऱ्याने वजीर मारला तर एक हत्ती मागे असलेला अंतिम डाव हाती येतो, म्हणजे हार. f5 वर येऊन पुन्हा शह दिला तर काळा g7 चं प्यादं g6 वर ढकलतो. मग पांढरा सातव्या ओळीत d7 किंवा f7 वरून शह देतो, आणि काळ्याचा वजीर h6 वरून g7 वर येऊन पुन्हा आडवा होतो. शह संपले. राजा h7 वर असताना पांढऱ्याने h5 ऐवजी e4 वरून शह दिला तर राजा h6 वर पुढे येतो. मग e6 वरून शह आला तर प्यादं g6. h4 वरून आला तर राजा g6, आणि g4 वरून पुढचा शह आल्यावर वजीर g5 वर आडवा. सगळीकडे तोच एक कर्ण कामाला येतो: c1 पासून h6 पर्यंतचा.

आणखी एक चाल होती, जी मला या स्थितीत सगळ्यात शहाणी वाटते: वजीर f6. मातीची धमकी नाही, काही झगमगाट नाही. पण वजिरावजिरी मागितली, आणि f8 व h6 ही दोन्ही घरं वजिराच्या हाताशी आली. शिकाऊ खेळाडूला ही चाल "मागे हटणं" वाटते, म्हणून तो ती बघतच नाही. एक हत्ती जास्त असलेल्या माणसाला मात देण्याची घाई कशाला हवी?

टाळायची पद्धत या उदाहरणातच आहे, फक्त ती सवयीत उतरवायची. आपण वरचढ असलो आणि समोर वजीर शिल्लक असला, तर प्रत्येक निर्णायक वाटणाऱ्या चालीआधी एवढंच करा: आपल्या राजाकडे बघून समोरच्याचा पहिला शह कोणता ते शोधा, राजा कुठे जाईल ते बघा, मग दुसरा शह शोधा. दोन शह पुढे बघणं पुरेसं होतं, कारण परपेच्युअलची जोडी दुसऱ्या शहाला दिसते. दुसऱ्या शहानंतर राजा पुन्हा पहिल्याच घरावर येत असेल, तर धोक्याची घंटा समजा. मग विचारायचं की माझा वजीर कुठे असला तर मध्ये येऊ शकेल. धमकी तीच ठेवून वजिराला दुसरं घर मिळतं का ते बघायचं, d2 सारखं. बहुतेक वेळा मिळतं. नाही मिळालं तर धमकी एक चाल पुढे ढकला आणि आधी राजाची सोय करा.

राजाची सोय म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण इथे लोक उलटं करतात. शह यायला लागले की राजा कोपऱ्यात दडवायचा, असा समज आहे. कोपऱ्यात घरं कमी असतात, म्हणून जोडी तिथेच चांगली जमते. वजिराच्या शहांपासून सुटायचं तर राजाला बहुतेकदा आपल्या मोहऱ्यांच्या दिशेने न्यावं लागतं, भले ती वाट पटाच्या मधून जात असो. मोकळ्या पटावर राजा चालताना छातीत धस्स होतं हे मान्य. पण तिथे पाच-सहा शहांनंतर वजिराला चांगलं घर सापडेनासं होतं, आणि आपल्या वजिराला आडवं यायला मोक्याची घरं मिळतात. अर्थात हे पटावरच्या मोहऱ्यांवर अवलंबून आहे. समोर वजीर आणि घोडा दोन्ही असतील तर राजाची मोकळ्या पटावरची सहल बरोबरीऐवजी मातीकडे नेऊ शकते. घोड्याच्या शहात मध्ये काही घालता येत नाही, आणि वजिराला जी घरं झाकता येत नाहीत ती घोडा झाकतो.

फक्त वजीर आणि प्यादं राहिलेल्या अंतिम डावात एक युक्ती आहे, जी कळल्यावर हे डाव निम्मे सोपे होतात. समजा पांढऱ्याचा राजा b8, प्यादं a7, वजीर g4. काळ्याचा राजा c2 आणि वजीर e1.

```
1K6/P7/8/8/6Q1/8/2k5/4q3 b - - 0 1
```

काळा e8 वरून शह देतो. पांढऱ्याचा वजीर g4 वरून c8 वर येतो. राजाच्या शेजारी, त्याचा जोर असलेल्या घरावर, आणि काळा राजा c फाइलवर असल्यामुळे आडवं येताना उलटा शहही बसतो. काळ्याला वजीर मारावाच लागतो, राजा तो परत मारतो आणि a प्याद्याचा वजीर होतो. आता हाच काळा राजा h1 वर आहे असं समजा. c8 वर वजीर आडवा येईल, पण शह बसणार नाही, आणि काळा e5 वरून पुन्हा शह देत राहील. म्हणजे या डावांत वरचढ बाजूने आपल्या राजासाठी घर निवडताना समोरच्या राजाकडेही बघायचं. समोरचा राजा ज्या फाइलवर, ओळीत किंवा कर्णावर उभा असेल, त्याच्याशी जुळेल अशी जागा निवडायची, म्हणजे मध्ये घातलेला वजीर उलटा शह देईल. आणि हरणाऱ्याने बरोबर याच्या उलट करायचं: आपला राजा अशा ओळींपासून दूर ठेवायचा.

आता शोधण्याची बाजू. हरत असताना परपेच्युअल "सापडत" नाही, कारण लोक तो फार उशिरा शोधायला लागतात. वजिरावजिरी होऊन गेली, समोरच्याच्या राजापुढची तीनही प्यादी जागच्या जागी, आणि मग शह शोधतात. खाली असाल तर दोन गोष्टी आधीपासून जपाव्या लागतात: वजीर ठेवायचा, आणि समोरच्याच्या राजाच्या भिंतीत एक भोक पाडायचं. भोक फुकट पडत नसेल तर मोहरा देऊन पाडायचं. मोहऱ्याने मागे असणारा आणखी एक मोहरा देतो तेव्हा बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो. पण बरोबरीत निकाल लागणार असेल तर पटावर तुम्ही एका उंटाने मागे आहात की दोन हत्तींनी, याला काही किंमत उरत नाही.

यातला नेहमीचा प्रसंग असा. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केलाय: राजा g8, हत्ती f8, प्यादी f7, g7, h6. तुम्ही उंटाने h6 चं प्यादं मारता, तो g7 च्या प्याद्याने उंट मारतो, तुम्ही वजिराने ते प्यादंही मारता. आता g आणि h दोन्ही प्यादी गेली. पुढे g5 वरून शह, राजा h7 किंवा h8, h5 वरून शह, राजा g7 किंवा g8, पुन्हा g5. इथे राजाला दोन-दोन घरं आहेत, तरी तो सुटत नाही. कारण g5 वरचा वजीर f6 आणि h6 बघतो, h5 वरचा g6 बघतो, आणि f बाजूला त्याचाच हत्ती f8 वर आणि त्याचंच प्यादं f7 वर बसलंय. त्याची वाट त्याच्याच माणसांनी अडवलीय.

म्हणून उंट टाकण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. हत्ती अजून f8 वरच आहे का? तो e8 ला गेला असेल तर g5 च्या शहाला राजा f8 वरून निसटतो. आणि काळ्याचा वजीर किंवा दुसरा एखादा मोहरा g6, g7 किंवा h6 वर येऊ शकतो का? f6 वर घोडा असेल तर तो h7 किंवा h5 वर येऊन सगळा बेत उधळू शकतो, म्हणून आधी तो घोडा मारला गेलेला असणं चांगलं. ही तपासणी पटावर अर्ध्या मिनिटाची आहे. आणि वरचढ असाल तर हीच गोष्ट उलटी वाचा. समोरचा h6 वर उंट टाकायच्या तयारीत दिसला, तर हत्ती वेळीच f8 वरून हलवणं ही फार स्वस्तातली खबरदारी आहे.

वजीर नसला तरी परपेच्युअल होतो, पण प्रकार मोजकेच. एक जरूर लक्षात ठेवा. तुमचा हत्ती d7 वर, घोडा f6 वर, समोरचा राजा f8 वर आणि सातवी ओळ मोकळी. घोडा h7 वर शह देतो, राजा g8 किंवा e8. घोडा परत f6 वर, शह. राजाला f8 वर यावंच लागतं. g8 वरून चुकून h8 वर गेला तर हत्ती h7 वर, मात. e8 वरून हत्ती मारायला गेला तर d7 वर घोड्याचा जोर आहे. सातव्या ओळीत एक मोहरा आणि त्याला आधार देणारा घोडा, एवढ्यावर मी कितीतरी हरलेले डाव वाचलेले बघितलेत.

या सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे: डाव हरलोय असं मनाशी ठरलं की डोळे शोधणंच बंद करतात. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण १९९७ चं आहे. न्यूयॉर्कमध्ये डीप ब्ल्यू या संगणकाविरुद्धच्या सामन्याच्या दुसऱ्या डावात, मे महिन्यात, काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गॅरी कास्पारोव्हने संगणकाची ४५वी चाल झाल्यावर डाव सोडला. त्यानंतर विश्लेषकांनी दाखवलं की वजीर e3 वर नेऊन परपेच्युअलसाठी लढता आलं असतं, आणि त्या वेळच्या विश्लेषणात तिथे बरोबरी निघत होती. कास्पारोव्हला हे दुसऱ्या दिवशी कळलं. जगज्जेता, समोर वजीर शिल्लक, स्वतःच्या हातात वजीर शिल्लक, आणि तरी चाल दिसली नाही. कारण संपूर्ण डाव दबावाखाली गेला होता आणि संगणक असं काही सोडणार नाही असा त्याने ग्रह करून घेतला होता. माझ्या विद्यार्थ्यांना म्हणून एकच अट घातलीय: दोन्ही वजीर पटावर असतील तर डाव सोडण्याआधी आपले सगळे शह एकेक करून बघायचे. मनातल्या मनात, ओळीने, मूर्खासारखे वाटणारेही. शह मोजकेच असतात, मिनिट पुरतं.

थोडं नियमांबद्दल, कारण इथे अर्धा गुण हातचा जातो. "परपेच्युअल" म्हणून बरोबरीचा स्वतंत्र नियम फिडेच्या आजच्या नियमांत नाही. बरोबरी मिळते ती सहमतीने, नाहीतर एकच स्थिती तीनदा आल्याच्या दाव्याने. स्थिती तीच म्हणजे मोहरे तेच, त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि किल्लेकोट व आनपासांचे हक्कही तेच. या तीन वेळा लागोपाठ यायला हव्यात असं नाही. मध्ये वेगळा शह दिला तरी मोजणी पुसली जात नाही. मात्र प्यादं हललं किंवा काही मारलं गेलं की आधीच्या स्थिती परत येऊच शकत नाहीत, मोजणी नव्याने.

स्पर्धेत दावा करताना मुलं हमखास घोटाळा करतात. तुमच्या चालीने तिसऱ्यांदा स्थिती येणार असेल, तर चाल पटावर खेळायची नाही. ती नोंदवहीत लिहायची, आर्बिटरला बोलवायचं, आणि ही चाल खेळून बरोबरीचा दावा करायचा आहे असं सांगायचं. चाल खेळून घड्याळ दाबलं की तुमचा दावा गेला, कारण आता चाल समोरच्याची. दावा चुकीचा ठरला तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. तोच प्रसंग पाचदा आला तर मात्र आर्बिटरने स्वतःहून डाव बरोबरीत संपवायचा असतो.

वरचढ बाजूला या मोजणीचा एक फायदा होतो, तो सहसा कुणी सांगत नाही. शहांचं चक्र सुरू झालं की पहिल्या फेरीत घाबरून नवीन घर निवडायची गरज नाही. एकदा तीच चाल पुन्हा होऊ द्या, घड्याळात वेळ वाढत असेल तर तेवढी मिळवा, आणि त्या वेळात दुसरी वाट शोधा. तिसरी वेळ यायच्या आत ठरवायचं: वेगळ्या घरावर राजा न्यायचा, मोहरा परत देऊन शह तोडायचा, की बरोबरी घ्यायची. मोहरा परत देणं लोकांना जिवावर येतं. पण हत्ती जास्त असताना तो देऊन वजिरावजिरी आणि दोन प्यादी जास्त असलेला डाव मिळत असेल, तर मी तो सौदा दरवेळी करेन.

ऑनलाइन एक फरक आहे. चेस डॉट कॉमवर तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की डाव आपोआप बरोबरीत संपतो, म्हणून तिथे "आणखी एकदा बघू" म्हणण्याआधी मोजा. लिचेसवर तीनदा झाल्यावर दावा बटण दाबून करावा लागतो, आणि आपोआप बरोबरी पाचव्या वेळी होते. तुम्ही हरणाऱ्या बाजूला असाल आणि घड्याळात सात सेकंद उरले असतील, तर पाच फेऱ्यांची वाट न बघता तिसऱ्यालाच ते बटण दाबा.